तणावाच्या बैठकीत भावनेला नाव देणे : तुमचे अनुभव सांगा

माजघर (धागाकर्ती)

परवाच्या बैठकीत शेजारी बसलेल्या सहकारी मुलीच्या अहवालावर टीका सुरू झाली, तेव्हा तिने वहीच्या कोपऱ्यात काहीतरी खरडले आणि पुन्हा मान वर करून ऐकू लागली. नंतर विचारल्यावर तिने पान दाखवले, तर तिथे भावनेचे नाव आणि तिची तीव्रता, फक्त 'धास्ती, ७' एवढेच लिहिलेले होते. ते पाहून मला एक जुनी आढावा बैठक आठवली.

अंदाजपत्रक मांडून झाल्यावर विभागप्रमुखांनी सगळ्यांसमोर विचारले, "हे आकडे कुणी तपासले तरी आहेत का?" माझे कान तापले आणि 'माहिती तुम्हीच उशिरा दिलीत' हे उत्तर अगदी ओठांवर आले. मी मनातल्या मनात 'राग' म्हटले, पण काही फरक पडला नाही. मग 'अपमान' म्हणून पाहिले, ते थोडेसे जुळले. त्यानंतर 'भीती' हा शब्द आला आणि आवळलेला जबडा सैल पडल्याचे मला चक्क जाणवले, कारण वाहतूक खर्चाचा आकडा दुसऱ्या गटाकडून आदल्या रात्री आलेला होता आणि त्याची हमी मी देऊ शकत नव्हते. भीती कशाची आहे हे कळल्यावर बोलायचे काय तेही बदलले. "वाहतुकीच्या आकड्याची खात्री मलाही नाही, बाकीचे मी तपासले आहेत, तुमची शंका नेमकी कोणत्या ओळीवर आहे?" असे मी विचारले. त्यांची शंका भलत्याच ओळीवर निघाली, कारण तिथे एका स्तंभात कर धरला होता आणि दुसऱ्यात धरलेला नव्हता. ते तिथल्या तिथे दुरुस्त झाले.

तुमच्या बाबतीत कोणता शब्द आला, आणि तो आल्यावर तुम्ही वेगळे काय केलेत, ते वाचायला आवडेल.

कोरा कागद

भावनेला नाव दिले की मेंदूतले भीतीचे केंद्र बंद पडते, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. मी प्रत्येक बैठकीत मनात 'मला डावलले जात आहे' असे स्पष्टपणे म्हणतो. माझा राग मात्र त्यानंतर वाढतच जातो, त्यामुळे सवय व्हायला वेळ लागत असावा असे मी धरून चाललो आहे.

उंबरठा

मी हे केले आहे. वाद पेटलेला असताना उभा राहिलो आणि "मला या क्षणी राग आलेला आहे" असे सर्वांना सांगितले. अध्यक्ष म्हणाले, "मग पाणी प्या." पाणी प्यायलो, राग तसाच राहिला आणि इतिवृत्तात 'एका सदस्याने पाणी घेतले' अशी नोंद झाली.

माजघर

उंबरठा, हसून हसून पुरेवाट झाली! मी मात्र मनातल्या मनात नाव देण्याविषयी विचारत होते. उघड बोलून दाखवण्याचा निर्णय त्यानंतरचा असतो, आणि समोर वरिष्ठ असतील तर पुष्कळदा तो टाळलेलाच बरा.

तिसरी ओळ

मी समुपदेशनाचे काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. कोरा कागद, केंद्र बंद पडत नाही. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात ३० जणांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले होते. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द निवडताना त्यांच्या अमिग्डालाची, म्हणजे तुम्ही म्हणता त्या केंद्राची प्रतिक्रिया, त्याच चेहऱ्यांसाठी नुसते स्त्रीचे किंवा पुरुषाचे नाव निवडताना असे त्यापेक्षा कमी भरली आणि कपाळामागचा उजवीकडचा एक भाग अधिक सक्रिय दिसला. हे सगळे चित्रांपुढे घडले होते, चिडलेल्या साहेबांपुढे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

तुमची अडचण मात्र निराळी आहे असे मला वाटते. 'डावलले जात आहे' ही भावना नसून समोरच्यावर ठेवलेला आरोप आहे, आणि आरोप मनात घोळवला की मन आपोआप पुरावे गोळा करू लागते. मी माणसांना एक कसोटी सांगते. तुमच्या वाक्यात दुसरा माणूस लपलेला आहे का ते पाहा, त्याला बाहेर काढा आणि मागे काय उरते ते तपासा. दुःख, चीड, लाज, धास्ती असे काहीतरी उरते, आणि प्रत्येकाची मागणी वेगळी असते. धास्तीला माहिती हवी असते, तर चिडीमागे बहुधा कुणीतरी ओलांडलेली मर्यादा असते. योग्य शब्द सापडला तरी छातीतली धडधड लगेच थांबत नाही. शरीर निवळायला काही मिनिटे जातात, म्हणून त्या वेळात उत्तर देण्याऐवजी प्रश्न विचारणे सोयीचे पडते.

पानगळ

तुम्हा सगळ्यांना शब्द सापडतात याचेच मला नवल वाटते. माझ्यावर आवाज चढला की माझी पाटी कोरी होते आणि 'आपण संतापलो होतो' हे मला रात्री भांडी घासताना उमगते. अशा माणसाने काय करावे?

तिसरी ओळ

पानगळ, शब्दाचा हट्ट सोडा आणि शरीरापासून सुरुवात करा. 'घसा आवळला आहे', 'हात गार पडले आहेत' एवढी नोंद त्या क्षणी पुरते. मग "मला हे नीट पाहून उद्या सकाळी उत्तर द्यायचे आहे" असे एक वाक्य आधीच पाठ करून ठेवा, कारण पाटी कोरी झाल्यावर नवे वाक्य सुचत नाही, पाठ केलेले तेवढे निघते. रात्री उमगलेला शब्द त्या नोंदीसमोर लिहून ठेवलात, तर आवळलेला घसा म्हणजे आपल्या बाबतीत बहुधा काय असते, ते हळूहळू कळू लागेल.

सावध वाचक

थोडा विरोधी सूर लावतो. एरिक नूक आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या अभ्यासात लोकांना अप्रिय चित्रे दाखवून काहींच्या बाबतीत आधी भावनेला नाव द्यायला लावले आणि मग प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहायला किंवा भावना आहे तशी स्वीकारायला सांगितले. आधी नाव दिलेले असताना हे दोन्ही उपाय कमी लागू पडले. शब्द दिल्यामुळे भावना घट्ट होते, असा त्यामागचा तर्क आहे. मग 'आधी नाव, मग प्रतिसाद' हा क्रम सगळ्यांना सांगावा का?

तिसरी ओळ

आक्षेप रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचे पूर्ण उत्तर नाही. माझ्या पाहण्यात एक मात्र आले आहे : पहिलाच शब्द पकडून बसणारे अडकतात, आणि माजघर यांच्यासारखे दोन-तीन शब्द लावून पाहणारे सहसा अडकत नाहीत. अर्थात हा माझ्या खोलीतला अनुभव आहे, प्रयोग नव्हे.

उंबरठा

पडद्यावरच्या बैठकांत तर आणखी पंचाईत असते, कारण स्वतःचाच चिडलेला चेहरा सतत समोर दिसतो. मी माझी चौकट लपवून ठेवतो आणि शब्द टाचणकागदावर लिहितो. एकदा तो कागद कॅमेऱ्यासमोर आला होता. 'कंटाळा, ९' असे त्यावर होते. बैठक लवकर संपली.

कोरा कागद

तिसरी ओळ, तुमची कसोटी आज लावून पाहिली. वाक्यातून साहेबांना बाहेर काढले, आणि खाली दुःखही नव्हते, चीडही नव्हती. मत्सर होता, तोही ज्या सहकाऱ्याच्या सूचना नेहमी मान्य होतात त्याचा. साहेबांवरचा राग त्यामुळे बराच उतरला, पण सोमवारच्या बैठकीत तोच सहकारी माझ्याच विषयावर बोलणार आहे. धास्तीला माहिती हवी असते हे समजले. मत्सराला काय हवे असते?

पानगळ

मलाही हे वाचायचे आहे. तोवर एक सुचवते : त्यांचे बोलणे संपल्यावर, त्यातली जी बाब तुम्हाला खरोखर पटली असेल तिच्याविषयी एखादा प्रश्न विचारून बघा आणि घसा आवळतो का ते कळवा.