‘बुडेनब्रूक्स’: चादरींवरून झालेलं भांडण हावरेपणाचं होतं का?

निवांत: कालच ‘बुडेनब्रूक्स’ संपवली, एका जर्मन व्यापारी घराण्याच्या ऱ्हासाची थॉमस मानची कादंबरी. आईचं प्रेत शेजारच्या खोलीत असताना धाकटा ख्रिस्तियान थोरल्या थोमासकडे चादरी आणि ताटवाट्यांची वाटणी मागतो. इतका हावरा भाऊ मी दुसरा वाचलेला नाही. थोमासनेच एकट्याने घरावर प्रेम केलं.

रातराणी: हे वाचून काल झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तो प्रसंग पुन्हा वाचा. ख्रिस्तियान मागतो कापड आणि भांडी, पैसे नव्हे. थोमासला आधी कळतच नाही की एकट्या माणसाला एवढं सामान कशाला हवं. मग ख्रिस्तियान सांगतो, प्रेयसीशी, आलीनेशी, लग्न करायचंय. आईच्या हयातीत हे शक्य नव्हतं. म्हणजे चादर मागणं म्हणजे ‘मलाही स्वतःचं घर असू द्या’ असं म्हणणं. त्यावर थोमास काय करतो? मी जिवंत असेपर्यंत हे लग्न होणार नाही, असं ठणकावतो. तुझ्या वाट्याची उरलेली रक्कम माझ्या ताब्यात राहील, तुला महिन्याच्या हप्त्यापलीकडे काही मिळणार नाही, असंही सुनावतो. हिश्श्यावर हक्क ख्रिस्तियानचा, पण किल्ली थोमासकडे.

आणि थोमासचा स्फोट पैशांवरून होतच नाही. तुझ्यासारखा होऊ नये म्हणूनच मी असा झालो, असं तो भावाला सांगतो. ख्रिस्तियानमध्ये त्याला स्वतःचीच भीती दिसते. तिथे प्रेम आहे, पण भयाच्या खाली गाडलेलं.

टाकबोरू: भावनेच्या भरात शेवट विसरलात! थोमास गेल्यावर ख्रिस्तियान त्याच आलीनेशी लग्न करतो आणि तीच त्याला मनोरुग्णांच्या संस्थेत डांबते. थोमासचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला. शिवाय या घरात हे नवीन नाही. त्यांचा भाऊ गोटहोल्ड, त्यालाही दुकानदारणीशी लग्न केलं म्हणून घराचा हिस्सा नाकारला होता.

जुनापुराणा: गोटहोल्ड त्यांचा भाऊ नव्हे, काका. वडिलांचा, यानचा, सावत्र थोरला भाऊ. पण मुद्दा चांगला काढलात. 1835 मध्ये तो नव्या घरातल्या हिश्श्यापोटी 33,335 मार्क मागतो. त्यांचा बाप, म्हातारा योहान, पहिल्या बायकोच्या मृत्यूचा राग त्या पोरावर आयुष्यभर काढतो. यान देवभीरू, घरात फूट पडू नये म्हणून कासावीस होतो. पण हिशोब मांडला की घरच्या व्यापारी पेढीचं नुकसान दिसतं आणि तोच नकाराचा सल्ला देतो. थोमास हे बापाकडूनच शिकला.

शेवंती: भावांचंच चाललंय. मुलींना काय मिळालं? थोमासच्या बहिणीला, टोनीला, काहीच नाही! माझ्याही घरी हेच. आई गेल्यावर मी फक्त तिचं शिवणयंत्र मागितलं. थोरला म्हणाला, तुला कशाला, तू शिवत तर नाहीस. ते त्याच्या माळ्यावर गंजतंय. अकरा वर्षं आम्ही बोललेलो नाही.

टाकबोरू: इथे कादंबरीबद्दल बोलायचंय.

शेवंती: मी कादंबरीबद्दलच बोलतेय. चादर काय, यंत्र काय!

जुनापुराणा: शेवंतीताई, टोनीला ‘काहीच नाही’ हे बरोबर नाही. ग्रुनलिखशी लग्नात तिच्यासाठी 80,000 मार्क गेले आणि त्याने ते बुडवले. खरी ठिणगी धाकट्या बहिणीची, क्लाराची आहे. मरणापूर्वी ती थरथरत्या हाताने पेन्सिलीने आईला लिहिते की माझा वाटा नवऱ्याला द्या. आई थोमासला न विचारता 1,27,500 मार्क जावयाला देऊन टाकते. थोमास खवळतो, कारण रक्कम मोठी होती आणि कुटुंबप्रमुख असून त्याला डावललं होतं. आईचं म्हणणं, मरणाऱ्या लेकीची इच्छा कशी मोडू?

रातराणी: हेच! आईने माया वापरून थोमासची सत्ता ओलांडली. पुढे तिच्या प्रेताशेजारी त्याने ती ख्रिस्तियानवर वसूल केली.

टाकबोरू: वसूल वगैरे तुमची कल्पना. ख्रिस्तियानचा वाटा थोमासच्या ताब्यात ठेवायची मृत्युपत्रातली तजवीज आईच्या संमतीशिवाय कशी होईल? तिलाही ख्रिस्तियानचा भरवसा नव्हताच.

रातराणी: हे मान्य करावं लागेल. आईला मी निर्दोष धरत होते. पण ‘अंदाज खरा ठरला’ हे नाही पटत. ज्याला आयुष्यभर हप्त्यावर ठेवलं, तो शेवटी दुसऱ्याच्या ताब्यात गेला तर त्यात नवल काय?

निवांत: तो आधीपासूनच आजारी होता, डाव्या अंगातल्या वेदनेचं रडगाणं सतत चालू. तरी ‘हावरा’ हा शब्द मी मागे घेतो. थोमासबद्दलचं मत नाही.

शेवंती: आपल्या मरणानंतर पेढी गुंडाळा, असं थोमासनेच मृत्युपत्रात लिहिलं ना? मग ज्या पेढीसाठी भावाला लग्न नाकारलं, ती राहिली कुठे?

जुनापुराणा: आणि आईचं घर तर त्याआधीच प्रतिस्पर्धी हागेनश्ट्रोमकडे गेलं होतं. टोनी त्यावर ढसाढसा रडते.

शेवंती: आज भावाला फोन करणार नाही. पण यंत्राबद्दल वहिनीला विचारीन.