मदत हवी आहे : व्हेंटिलेटर लावताच वडिलांचा बीपी का कोसळला?

कोपरीकर

नमस्कार. ठाणे पूर्वेला राहतो. माझे वडील ७१ वर्षांचे असून त्यांना सीओपीडीचा जुना विकार आहे. गेल्या महिन्यात एका रात्री त्यांना धाप लागून गुंगी येऊ लागली, म्हणून जवळच्या रुग्णालयात नेले. मास्कचे यंत्र लावूनही गुंगी वाढत गेली, त्यामुळे पहाटे दोनच्या सुमारास घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावण्यात आला. नळी घालण्यापूर्वी बीपी १४८/९० होता आणि दहा मिनिटांनी तो ७४/४० झाला. मी काचेच्या दारातून पाहत होतो. तरुण डॉक्टर अँबू बॅग भराभर दाबत होते, नंतर यंत्र जोडले आणि मॉनिटर वाजू लागला.

तेवढ्यात वरिष्ठ डॉक्टर आले आणि त्यांनी यंत्राची नळी सरळ काढून बाजूला धरली. वडिलांच्या घशातल्या नळीतून हवा बाहेर पडण्याचा बारीक आवाज बराच वेळ येत राहिला. मिनिटभरात बीपी १०० च्या वर गेला. मग यंत्र पुन्हा जोडून आकडे बदलले. केसपेपरवर आधी RR 24 आणि नंतर RR 12 लिहिले आहे, शिवाय सलाईन आणि बीपी वाढवणाऱ्या नॉरअॅड्रिनलिनचीही नोंद आहे. वडील चौथ्या दिवशी यंत्रावरून उतरले आणि आता घरी आहेत.

माझा रोख तक्रारीचा नाही. श्वास देणारे यंत्र लावल्यावर बीपी खाली जातो आणि ते काढल्यावर वर येतो, हे उलटे गणित मला समजून घ्यायचे आहे.

रबाळे_वर्कशॉप

मी डॉक्टर नाही, पंप आणि कॉम्प्रेसरमध्ये आयुष्य गेले. आपण श्वास घेतो तेव्हा छाती भात्यासारखी उघडते आणि हवा आत ओढली जाते, तर व्हेंटिलेटर हवा बाहेरून ढकलतो. फुगलेल्या फुफ्फुसांमध्ये हृदय दाबले जाते, म्हणून ते पुरेसे रक्त बाहेर टाकू शकत नाही. पूर्वीचे लोखंडी फुफ्फुस याबाबत बरे होते. त्या पिंपात माणसाला मानेपर्यंत ठेवून पिंपातली हवा ओढून घेत, म्हणजे श्वास नैसर्गिक पद्धतीनेच होई. १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत ती पिंपे अपुरी पडली, तेव्हा विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशव्या दाबून रुग्णांना जगवले, आणि तिथून ही ढकलण्याची पद्धत रूढ झाली असे वाचले आहे.

भूलवाले_वाशी

रबाळेकरांचे निम्मे बरोबर आहे. अडचण हृदयातून रक्त बाहेर जाण्यात कमी आणि आत येण्यात जास्त असते.

हृदयाचा उजवा कप्पा छातीच्या पोकळीतच बसलेला असतो. स्वतः श्वास घेताना छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा खाली सरकतो, फुफ्फुसांभोवतीचा दाब आणखी उणे होतो आणि त्याबरोबर उजव्या कप्प्यातला दाबही उतरतो. त्याच वेळी पोटातला दाब थोडा वाढतो. म्हणजे खालून ढकलणे आणि वरून ओढणे एकाच वेळी होऊन प्रत्येक श्वासाबरोबर शिरांमधले रक्त छातीकडे येते. यंत्राच्या श्वासात फुफ्फुसे आतून फुगतात आणि आजूबाजूच्या सगळ्याला बाहेर रेटतात. फुफ्फुसांभोवतीचा दाब वाढतो, उजव्या कप्प्यातला दाबही वाढतो आणि येणाऱ्या रक्ताला चढ लागतो.

हा चढ किती, तेच महत्त्वाचे आहे. धमन्यांमधला दाब शंभराच्या घरात असला, तरी शिरांमधले रक्त हृदयाकडे आणणारा दाब साधारण सात-आठ मिलिमीटर पाऱ्याचाच असतो आणि उजव्या कप्प्यात तो शून्य ते दोन असतो. एवढ्याशा उतारावर सगळा रक्तप्रवाह चालतो. म्हणून उजव्या कप्प्यातला दाब चार-पाच मिलिमीटरने वाढला, तरी परिणाम मोठा होतो.

एरवी शरीर शिरा आवळून हा उतार पुन्हा तयार करते. परंतु आपल्या वडिलांना त्या क्षणापूर्वीच भूल दिलेली होती. भुलेच्या औषधांनी शिरा सैल पडतात. शिवाय धाप आणि रक्तातला साठलेला कार्बन डायऑक्साइड यांमुळे शरीर जो ताण धरून बीपी टिकवत होते, तो ताणही एकदम उतरतो. १४८/९० हा आकडा दिलासादायक वाटतो, पण तो बराचसा त्या ताणाचा होता.

वर्तकनगर_९

माझ्या सासूबाईंना घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे, दोन लिटरवर चालतो. मग त्यांचाही बीपी पडू शकतो का? हे वाचून काळजी वाटू लागली.

भूलवाले_वाशी

नाही. नाकातल्या नळीतून दोन लिटर ऑक्सिजन जातो, त्याने छातीत लक्षणीय दाब तयार होत नाही आणि श्वास त्या स्वतःच ओढतात. तो प्रश्न वेगळा आहे.

ऐरोलीची_सिस्टर

मी आयसीयूत बरीच वर्षे काम करते, म्हणून दोन गोष्टी सांगते. नळी सोडल्यावर बराच वेळ हवा येत राहिली, असे आपण लिहिले आहे. ती आत अडकलेली हवा होती. सीओपीडीच्या रुग्णाला श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लागतो, कारण त्याच्या बारीक नलिका बाहेर सोडताना मिटतात. आता आकडे पाहा. मिनिटाला २४ श्वास म्हणजे एका श्वासाला अडीच सेकंद. त्यातला एक सेकंद हवा आत जाण्यात गेला, तर बाहेर पडायला दीड सेकंद उरतो. आधीची हवा पूर्ण बाहेर पडण्यापूर्वीच पुढचा श्वास वर चढतो आणि प्रत्येक वेळी थोडी शिल्लक राहते. १२ वर आणल्यावर श्वासाला पाच सेकंद मिळाले, म्हणजे बाहेर सोडायला चार. दरात बदल करण्यामागे हेच कारण असणार.

आणि ते भराभर बॅग दाबणे! घाबरलेल्या हाताने मिनिटाला तीस-पस्तीस वेळा पिशवी दाबली जाते, हे मी कित्येकदा पाहिले आहे. हवा बहुधा यंत्र जोडण्यापूर्वीच साठू लागली होती. नवीन मुलांना मी मनात मोजायला लावते : एक दाब, मग चार-पाच आकडे थांबायचे.

रबाळे_वर्कशॉप

एवढा दाब आत साठत असेल, तर यंत्राच्या पडद्यावर तो दिसायला हवा होता. आमच्याकडे गेज असते.

ऐरोलीची_सिस्टर

गेज आहे, पण ते यंत्राच्या बाजूला आहे. श्वास सोडण्याच्या वेळी यंत्राची झडप उघडी असते, त्यामुळे पडद्यावर PEEP 5 असा लावलेला आकडाच, म्हणजे श्वास सोडून झाल्यावर यंत्राने राखायचा दाब, दिसत राहतो, आत फुफ्फुसात त्याच्या तिप्पट असला तरी. खरा आकडा पाहण्यासाठी श्वास सोडण्याच्या शेवटी झडप काही सेकंद बंद ठेवण्याचे बटण दाबतात, तेव्हा आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. रुग्ण स्वतः जोर लावत असेल, तर हा आकडा फसवा येतो. रोज मी पाहते तो प्रवाहाचा आलेख : बाहेर जाणाऱ्या हवेची रेषा शून्याला टेकण्याआधीच पुढचा श्वास सुरू झाला, तर हवा अडकत आहे.

कोपरीकर

सिस्टर, केसपेपरवर नंतरच्या एका ओळीत ‘टोटल पीप १७, सेट ५’ असे लिहिलेले सापडले. म्हणजे १२ जास्तीचे?

भूलवाले_वाशी

होय, १२ सेंटिमीटर पाण्याचा दाब. पाऱ्याच्या मापात तो सुमारे नऊ मिलिमीटर होतो. हा सगळा हृदयापर्यंत पोहोचत नाही. निरोगी फुफ्फुसात साधारण निम्मा पोहोचतो. न्यूमोनियाने ताठरलेले फुफ्फुस बराचसा दाब स्वतःतच जिरवते, तर सीओपीडीचे फुफ्फुस लवचीकपणा गमावून ढिले झालेले असल्यामुळे जास्त दाब पुढे जातो. निम्मा धरला तरी चार-साडेचार मिलिमीटर होतात, आणि वर सांगितलेला उतारच सात-आठाचा होता. शिवाय हवेने ताणलेल्या वायुकोशांच्या भिंतींमधल्या बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात, म्हणून उजव्या कप्प्याला फुफ्फुसात रक्त ढकलणेही जड जाते. रबाळेकरांचे ‘दाबले जाणे’ या जागी थोडे खरे ठरते.

नळी सोडणे ही एकाच वेळी तपासणी आणि उपचार आहे. अर्ध्या-एक मिनिटात बीपी वर आला, तर अडकलेली हवा हे कारण जवळजवळ निश्चित होते. वर आलाच नाही, तर फुफ्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठली आहे का, हे लगेच पाहावे लागते : एका बाजूला श्वासाचा आवाज कमी, यंत्राचा दाब चढलेला. मात्र हा उपाय सरसकट नाही. ताठरलेल्या, पाणी भरलेल्या फुफ्फुसांच्या रुग्णाची नळी सोडली, तर यंत्राने उघडे ठेवलेले वायुकोश काही क्षणांत मिटतात आणि ऑक्सिजन घसरतो.

लोखंडी फुफ्फुसाबद्दल एक दुरुस्ती. पिंपात पोटही असे. उणे दाब पोटावरही पडल्यामुळे रक्त तिथेच साठू शके, म्हणून छातीकडे ओढ लागण्याचा फायदा बराचसा वाया जाई. खरा नैसर्गिक श्वास म्हणजे छातीत उणे आणि पोटात अधिक.

घणसोली_७

माझ्या आईच्या बाबतीत अगदी उलटे घडले. तिचे हृदय अशक्त आहे आणि फुफ्फुसात पाणी झाले होते. मास्कचे यंत्र लावल्यावर अर्ध्या तासात धाप उतरली आणि बीपीही पडला नाही. मग दाबामुळे हृदयाचे नुकसान होते, हे कसे मानायचे?

भूलवाले_वाशी

आपल्या आईंच्या छातीत घडली ती तीच गोष्ट, पण हृदय वेगळे होते. त्यांच्याकडे रक्त कमी नव्हते, साठलेले होते. येणारे रक्त थोडे अडले, तर त्यांना ते सोसण्यासारखे होते. शिवाय डाव्या कप्प्याला रक्त छातीबाहेर फेकायचे असते. जोराने श्वास ओढताना भोवतीचा दाब खूप उणे होतो आणि तेवढे जास्तीचे काम त्या कप्प्यावर पडते. यंत्राने भोवतीचा दाब वाढवला की तो भार उतरतो. रिकाम्या शिरांच्या माणसाला जे मारक, ते तुंबलेल्या हृदयाला तारक ठरते.

कोपरीकर

मग एक शेवटचे विचारतो. तिसऱ्या दिवशी वडिलांना यंत्राच्या आधाराशिवाय श्वास घ्यायला ठेवले, तेव्हा पंचवीस मिनिटांत बीपी १८० झाला, घाम सुटला आणि छातीत बुडबुड्यांसारखा आवाज येतो असे डॉक्टर म्हणाले. लघवी होण्याचे इंजेक्शन देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा जमले. हे त्याच्याशी संबंधित असू शकते का?

भूलवाले_वाशी

असू शकते. यंत्राचा दाब काढला की अडलेले रक्त एकदम छातीत येते आणि डाव्या कप्प्यावरचा भारही परत येतो, त्यात पहिल्या रात्रीचे सलाईन शरीरात असतेच. परंतु केवळ थकलेल्या स्नायूंमुळे किंवा नळी टोचल्याच्या त्रासामुळेही बीपी चढतो आणि घाम येतो. त्या बुडबुड्यांच्या आवाजामुळे माझा कल पहिल्या कारणाकडे आहे. इकोची तपासणी झाली होती का?

ऐरोलीची_सिस्टर

सरांशी मी अर्धी सहमत आहे. सीओपीडीवाल्यांच्या छातीत कफाचाही तसाच आवाज येतो आणि बीपी चढायला सक्शनची नळी पुरते. त्या वेळचा एक्स-रे असेल तर तो पाहायला हवा.

कोपरीकर

इको भरती झाल्यावर दुसऱ्या दिवशीचा आहे, प्रयत्न फसला त्या दिवशीचा नाही. एक्स-रेची सीडी घरी असावी, शोधतो. पुढच्या आठवड्यात फुफ्फुसाच्या डॉक्टरांकडे वडिलांची तपासणी आहे, तेव्हा ती सोबत नेतो आणि त्यांचे मत इथेच लिहितो.