साताऱ्यापर्यंत बूड बधिर होतं, सीटचं काय करू? बजेट २५०० रु.

कोथरूडकर_बाबू: मंडळी, १५० सीसीची बाईक आहे, उंची ५ फूट १० इंच. डिसेंबरात पुणे-कोल्हापूर-आंबोली-गोवा जायचंय. खंबाटकी ओलांडला की चुळबुळ सुरू होते आणि साताऱ्यात चहाला उतरलो की पाच मिनिटं नीट उभं राहता येत नाही. जेल पॅड घेऊ, फोम बदलू की कव्हर? २५०० च्या वर बायको परवानगी देणार नाही.

घाटवेडा: जेल पॅड घे, डोळे झाकून. मी ४८०० चा घेतला, थेट बेळगावपर्यंत एकदाच थांबलो.

सदाशिव_पेठी: बजेट २५०० लिहिलंय. वाचता येतं ना?

घाटवेडा: बुडापेक्षा पैसे मोठे का राव?

नाना_पेठेतला_जुना: बाबू, आधी सांग नेमकं कुठं दुखतं. बसायची दोन हाडं दुखतात, माकडहाड दुखतं, की टाकीकडं घसरून पुढं अवघडतं? तिन्हीचा इलाज वेगळा. एक कर, सपाट जागी गाडी सरळ धरायला कुणालातरी सांग आणि बसायच्या जागी लिंबू ठेव.

कोथरूडकर_बाबू: लिंबू थेट टाकीवर आदळलं 😄 आणि हो, ब्रेक मारला की सरकतो, दर दहा मिनिटांनी मागं ढकलून बसावं लागतं, पँट गोळा होते ते वेगळंच.

नाना_पेठेतला_जुना: मग जेल वरून टाकून काय होणार, जेलसकट घसरशील. उतार आधी काढ. त्याला दोन रस्ते, मागचा फोम कापायचा नाहीतर पुढं भर घालायची. बुटक्या माणसाला कापलेलं बरं, पाय टेकतात. तू उंच आहेस, मागून कापलंस तर गुडघे आणखी दुमडतील आणि हाडाखाली फोमही कमी उरेल. तू पुढं भर घाल, चिप्स फोमची, म्हणजे तो रंगीबेरंगी तुकड्यांचा दाबलेला कडक फोम. त्याची पाचर कर आणि कडा पार कागदासारखी पातळ होईपर्यंत घासून काढ. वर एक सेंटीमीटर मऊ फोमचा थर. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून वाळू द्यायचं मग चिकटवायचं, आणि हाडं टेकतात तिथं जाड थर नको, वाळून दगड होतो.

रायडर_पप्पू: बरोबर, फोम मऊच पाहिजे. ४० डेन्सिटीचा माग, तो सगळ्यात मऊ.

नाना_पेठेतला_जुना: पप्पूशेठ, डेन्सिटी म्हणजे वजन, मऊपणा नाही. ४० चा कडकही मिळतो. आणि दुकानात मऊ वाटलेला फोम तासाभरात बसतो, मग हाडं थेट खालच्या प्लास्टिकवर.

पिलियन_ताई: मागं बसणारीचा कुणी विचार करतं का? आमच्या ह्यांनी स्वतःची सीट खाली कोरून घेतली, मी आता वरच्या मजल्यावर. ब्रेक मारला की थेट ह्यांच्या पाठीवर.

घाटवेडा: ताई, जेल पॅड घ्या.

ताम्हिणी_भिजलेला: कव्हरचं कुणी बोललंच नाही. मी फोमचं छान काम करून घेतलं, पण कव्हरची शिवण बरोब्बर बसायच्या जागी आणि खाली प्लास्टिकचा कागद नाही. पावसात एकदा ताम्हिणी केला, सुईच्या भोकांतून पाणी आत. तिसऱ्या दिवशी कोरडी पँट घालून ऑफिसला निघालो, बसताच फोमने पाणी सोडलं, मीटिंगला कसा उभा राहिलो ते मलाच ठाऊक. शिवण बाजूला घ्यायला सांग आणि फोमवर प्लास्टिक.

सदाशिव_पेठी: वरून जाळीचं कव्हर टाका, हवा खेळते, स्वस्तात काम. घामाने होणारी अर्धी चिडचिड तिथंच संपते.

घाटवेडा: जेलच भारी. उन्हात गाडी लावली की जरा चटका बसतो इतकंच.

नाना_पेठेतला_जुना: कारण तू वरून बांधलायस. जेल हाडांच्या जागी फोममध्ये खड्डा करून आत बसवायचा, वर पातळ फोम, मग कव्हर. तरी ऊन धरतोच. बाबू, काहीही कर पण मूळ फोम ठेवून दे, जुना दुसरा मिळाला तर त्यावर प्रयोग कर, आणि कव्हर ठोकायच्या आधी नुसतं गुंडाळून शे-दीडशे किलोमीटर फिरून ये.

कोथरूडकर_बाबू: झालं काम. कुणाचंच पूर्ण ऐकलं नाही, राग मानू नका. चिप्स फोमचा तुकडा आणला, घरीच ब्लेडने कापला, दोन सेंटीमीटरची पाचर चिकटवून जुनंच कव्हर ताणून बसवलं. जेल नाही, जाळी नाही. ४०० रुपये गेले. काल सातारा करून आलो, घसरणं बंद! पण पाचरेची कड नीट घासली नाही, उजव्या मांडीला दोरी ठेवल्यासारखी लागते. लिंबू मात्र जागेवर राहतंय.

नाना_पेठेतला_जुना: कागदासारखी म्हणालो होतो. आता कव्हर काढ, ६० नंबरच्या पॉलिश पेपरने घास.

कोथरूडकर_बाबू: गोव्याहून आल्यावर बघतो काका.

रायडर_पप्पू: मी पण सीट करतोय. बाबू, तुझं बजेट किती होतं?