अनुभव धागा: मार्चमधली करबचतीची जाहिरात आणि कापलेल्या ओळी

धागाकर्ती, पुणे: म्युच्युअल फंड विकणाऱ्या एका कंपनीसाठी मी जाहिरातींचा मजकूर लिहिते. मार्च 2025 मध्ये ईएलएसएस या करबचतीच्या फंडासाठी ओळ दिली होती, "46,800 रुपये कर वाचवा!" जाहिराती नियमांनुसार तपासणाऱ्या कंप्लायन्सवाल्यांनी तिच्यावर लाल रेघ मारून परत पाठवली. मला राग आला, कारण आकडा बरोबर होता: दीड लाखाचे 30 टक्के 45,000, वर सेस 1,800.

मग आमच्याच एका सहकाऱ्याचा हिशेब मांडला. जुनी करप्रणाली, 20 टक्क्यांचा स्लॅब. पगारातून पीएफ 72,000 जातो, मुलीची ट्यूशन फी 30,000. आयकराच्या 80सी कलमाखालच्या दीड लाखाच्या वजावटीत जागा उरली 48,000ची, म्हणजे सेस धरून वाचणार 9,984. नव्या प्रणालीत असता तर काहीच नाही. माझी ओळ वाचून त्याने दीड लाख अडकवले असते!

शेवटी छापलं ते असं: "जुनी करप्रणाली निवडली असेल, तर 80सीखाली दीड लाखापर्यंत वजावट. तुमची मर्यादा किती शिल्लक आहे, ते आधी पाहा. लॉक-इन तीन वर्षे." तुमच्या कोणत्या ओळी कापल्या गेल्या?

नाशिककर: एवढा विचार कशाला? खाली 'बाजारातील जोखमीच्या अधीन' टाकलं की झालं. मी वितरक आहे, दरवर्षी तेच करतो.

जुना कंप्लायन्सवाला: नाही हो. ती ओळ हवीच, पण वरचा चुकीचा दावा तिने धुतला जात नाही. मी सगळ्यात जास्त वेळा "करमुक्त परतावा" कापलंय. ते शब्द 2018 पूर्वीच्या जाहिरातींतून उचललेले असतात. आता वर्षाला सव्वा लाखापुढच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. एसआयपीच्या जाहिरातीत "तीन वर्षांनी पैसे मोकळे" हेही कापायचो. प्रत्येक हप्त्याची तीन वर्षं वेगळी मोजतात.

मीनल: मी पीपीएफ काढू की हे घेऊ? नवी प्रणाली घेतली आहे.

धागाकर्ती, पुणे: मीनलताई, नव्या प्रणालीत दोन्हींवर 80सी मिळत नाही. करासाठी म्हणून नकाच घेऊ.

डोंबिवलीचा ग्राहक: मी जाहिरात वाचणाऱ्यांतला. "31 मार्चपर्यंत गुंतवा" वाचून त्याच दिवशी पैसे भरले. 2025 ला तो सोमवार रमजान ईदचा, बाजार बंद. युनिट्सवर तारीख एप्रिलची आली. एक सीए म्हणतात पैसे मार्चमध्ये गेले, वजावट मागा. दुसरे म्हणतात स्टेटमेंटवरची तारीख धरा. अजून ठरलेलं नाही.

जुना कंप्लायन्सवाला: त्या वर्षी "शुक्रवार 28 मार्च, दुपारी 3 पर्यंत पैसे फंडाच्या खात्यात पोचायला हवेत" असं लिहायला हवं होतं.

धागाकर्ती, पुणे: आमच्याही बॅनरवर 31च होतं. ते कोणीच कापलं नाही.