मदत हवी आहे: निऑन पाटीचा उजेड खोटा वाटतोय, भिंतीवर दाणे

रेणुका_इंटिरियर: कॅफेचा रेंडर उद्या सकाळी द्यायचाय. भिंतीवर गुलाबी निऑनमध्ये ‘चहा’ लिहिलंय. 2048 सॅम्पल्स देऊनही भिंतीवर पांढरे ठिपके उरतात. ग्लो दिला की पाटी चिकटवल्यासारखी दिसते. काय करू?

धोंडू७१: सॉफ्टवेअर कुठलं? ग्लो कुठे दिला?

रेणुका_इंटिरियर: ब्लेंडर, सायकल्स. ग्लो फोटो एडिटरमध्ये, पीएनजीवर.

मिलिंद_रेंडर: सॅम्पल्स 4096 करा, डिनॉइझर लावा. माझं नेहमी निभतं.

धोंडू७१: डिनॉइझर ठिपके पुसेल, पण त्यांच्या जागी डाग ठेवेल. रेणुकाताई, नळीभोवती काच आहे का?

रेणुका_इंटिरियर: आहे ना, निऑन म्हटल्यावर काच असणारच!

धोंडू७१: दुखणं तिथेच आहे. भिंतीपासून दिव्याकडे जाणारा सावलीचा किरण काचेवर अडतो. मग काचेतून वळून योगायोगाने नळीला लागलेले मोजके किरणच भिंत उजळतात, ते तुमचे ठिपके. काच लपवून 64 सॅम्पल्सला रेंडर करा, ठिपके गेले तर खात्री पटेल. मग काच परत आणा आणि तिच्या `Object Properties > Visibility > Ray Visibility` मध्ये `Diffuse` आणि `Shadow` काढून टाका. कॅमेऱ्याला काच दिसेल, उजेड अडणार नाही.

सुहास_पाटीवाले: आमच्या दुकानात हल्ली काच नसतेच, सिलिकॉनची एलईडी पट्टी असते. खऱ्या निऑन वायूचा रंग तांबूस नारिंगी. पाटी किती फुटांची? दर कळवतो.

रेणुका_इंटिरियर: दादा, पाटी फक्त चित्रात आहे. पण पट्टीच दाखवायची तर काच काढूनच टाकते!

मिलिंद_रेंडर: ग्लोसाठी स्ट्रेंग्थ वाढवा, 50 तरी.

धोंडू७१: नको, नळी पांढरी पडेल आणि गुलाबी जाईल. डोळ्याला खरं वाटतं ते नळीमागचं भिंतीवरचं गुलाबी तळं. पाटी भिंतीला टेकवली असेल तर चार-पाच सेंटिमीटर पुढे आणा. ग्लो अगदी थोडा, ब्लेंडरच्या कंपोझिटरमध्ये `Glare` ने द्या. पीएनजीत नळी आणि पांढरा कप दोन्ही सारखेच पांढरे असतात, त्यामुळे एडिटरला दिवा ओळखता येत नाही आणि कपही चमकतो. नंतर बाहेर काही करायचं असेल तर ओपन-ईएक्सआर ठेवा.

रेणुका_इंटिरियर: काच काढली, 256 ला भिंत स्वच्छ! पाटी पुढे घेतल्यावर ‘ह’च्या शेपटीखाली सुंदर गुलाबी पडलंय. पण टीव्हीसमोरच्या स्टीलच्या काउंटरवर अजून दाणे आहेत.

मिलिंद_रेंडर: टीव्हीपुढे एरिया लाइट ठेवा, कॅमेऱ्यापासून लपवा.

धोंडू७१: स्टीलमध्ये पांढरा चौकोन दिसेल, त्याचं `Glossy` पण काढा. शिवाय टीव्हीचं `Diffuse` काढा, नाहीतर उजेड दुप्पट होईल. पण काउंटर किती खरखरीत आहे? `Roughness` सांगा.

रेणुका_इंटिरियर: थांबा, बघते.