मदत हवी आहे: 8 बारचा लूप 4 मिनिटं खेचतोय, फिल्टर आणि व्हॉल्यूम हलवूनही तोच तोच वाटतो

मंद्रसप्तक:
ट्रॅक 120 बीपीएमचा आहे, म्हणजे 4 मिनिटांत 120 बार आणि 8 बारचा लूप 15 वेळा. ड्रम, बेस, पॅड आणि एक प्लक मेलडी, एवढंच साहित्य. 65व्या बारला, म्हणजे 2:08 ला, ड्रॉप आहे.

पॅडवर लो-पास फिल्टर लावलाय. कटऑफ 8 बारमध्ये 200 हर्ट्झपासून 18,000 हर्ट्झपर्यंत सरळ रेषेत चढतो आणि पुढच्या फेरीला पुन्हा 200 पासून सुरू होतो. ऑटोमेशन क्लिपमध्येच काढलंय. पहिल्या एक-दोन बारमध्ये आवाज भसकन उघडतो आणि उरलेले सहा बार काहीच घडत नाही.

दुसरी अडचण अशी की ड्रॉपच्या आधीच्या 8 बारमध्ये पॅड आणि मेलडीचे फेडर 4 डीबीने वर नेलेत. तो चढ ऐकूच येत नाही आणि ड्रॉपही बसका वाटतो. या दोन ट्रॅकच्या ग्रुपवर 4:1 चा कंप्रेसर आहे. नक्की कुठे हात घालू?

लयकारी:
चार मिनिटांसाठी एक लूप पुरतच नाही हो. बी सेक्शन लिहा, नवे कॉर्ड घाला आणि शेवटी 20 सेकंदांचा फेड-आउट द्या. प्रश्न मिटला.

मंद्रसप्तक:
नवीन भाग लिहायचा नाहीये. आहे तोच लूप ऑटोमेशनवर चालता ठेवायचा आहे.

झंकार_88:
सगळ्या ट्रॅकच्या कटऑफला 8 बारचा साइन एलएफओ जोडून टाका. आपोआप हलत राहील, हाताने रेषा काढायची गरज नाही.

श्रुतिभेद:
झंकार, एलएफओ चालेल, पण 8 बारचा नको. लूपही 8 बारचा आणि हालचालही 8 बारची असली की दोन्ही एकाच जागी सुरू होतात, एकाच जागी संपतात. कान चौथ्या फेरीपर्यंत तो सगळा प्रकार एक मोठा लूप म्हणून ओळखून टाकतो. मूळ प्रश्नातही नेमकं हेच झालंय. तोच एलएफओ 12 बारचा केलात तर लूपशी त्याचं तोंड थेट 24 बारनंतर जुळतं. आणि तो प्लेहेडला बांधा. मोकळा सोडला तर दर एक्सपोर्टला वेगळ्या जागेवरून सुरू होईल आणि ड्रॉपच्या ऐन वेळी फिल्टर कुठे असेल ते सांगता येणार नाही.

मंद्रसप्तक, आधी तुमची सरळ रेषा. कानाला उंची सप्तकात कळते, हर्ट्झच्या बेरजेत नाही. 200 ते 18,000 हे साधारण साडेसहा सप्तकांचं अंतर आहे. हर्ट्झमध्ये समान चढलात तर पहिल्याच बारच्या शेवटी कटऑफ 2,425 वर पोचतो, म्हणजे साडेतीनहून जास्त सप्तकं संपलेली असतात. उरलेल्या सात बारना तीनही उरत नाहीत. म्हणून तो भसका.

सगळेच फिल्टर असे नसतात, तेव्हा तपासून घ्या. रेषेच्या बरोबर मध्यावर, म्हणजे 4 बार सरल्यावर, कटऑफचा आकडा वाचा. 9,100 च्या आसपास दिसला तर मोजणी हर्ट्झमध्ये आहे. 1,900 च्या आसपास दिसला तर फिल्टर स्वतःच सप्तकांत मोजतोय, मग रेषा सरळच ठेवा. पहिला प्रकार असेल तर दर दोन बारला एक बिंदू द्या: 200, 616, 1,900, 5,840, 18,000.

पण खरा फरक पडेल तो लांबीने. ऑटोमेशन क्लिपमधून काढून अरेंजमेंटच्या ट्रॅकवर घ्या. पॅडपुरतं मी असं बसवेन: पहिल्या 32 बारमध्ये 300 ते 1,200, फक्त दोन सप्तकं. पुढच्या 24 बारमध्ये 1,200 ते 4,800, पुन्हा दोन सप्तकं, पण चाल थोडी वेगाची. मग 57 ते 64 मध्ये 4,800 वरून 600 वर खाली या आणि 65 ला थेट 9,000. हे खाली येणं सोडू नका. तुमचा पॅड ड्रॉपच्या आधीच पूर्ण उघडलेला आहे, मग ड्रॉपला उघडायला उरतंच काय? 65 नंतर 24 बार फिल्टरला हातच लावू नका, तेव्हा मेलडीचा व्हॉल्यूम हलू दे. दोन्ही एकदम हलवले तर कान एकालाही धरत नाही.

मंद्रसप्तक:
मध्यावर 9,100 च निघाले. आता त्या 4 डीबीचं काय झालं?

श्रुतिभेद:
ते कंप्रेसरने खाल्ले. सिग्नल थ्रेशोल्डच्या वर असताना 4:1 ला आत 4 डीबी वाढवलं की बाहेर जेमतेम 1 डीबी मिळतं. ट्रॅकचे फेडर ग्रुपच्या कंप्रेसरच्या आधी येतात, त्यामुळे आवाज वाढण्याऐवजी दाबच वाढला. ग्रुपवर कंप्रेसरच्या नंतर एक साधा गेन प्लगइन टाका आणि चढउतार त्यावर काढा. फेडर मोकळे राहतात, पुढे मिक्स करताना पॅड आणि मेलडीचं प्रमाण बदलायचं झालं तर अख्खी रेषा उचलावी लागत नाही.

दिशाही उलटी करा. 49 ते 64 या 16 बारमध्ये हा गेन 0 वरून हळूहळू उणे 2 वर न्या आणि 65 ला एकदम 0 वर. इतकी संथ उतरण कुणाच्या लक्षात येत नाही, परत येणारे 2 डीबी मात्र स्पष्ट ऐकू येतात. एक सावधगिरी: फिल्टर उघडला की पॅड आपोआपही मोठा होतो. 56व्या बारला मेलडी त्याखाली दबत असेल तर पॅडच्या ट्रॅकवर, फिल्टरनंतर, 1 ते 2 डीबी कमी करा. नाहीतर 'उजळ झाला' आणि 'मोठा झाला' यातला फरक तुम्हालाच कळणार नाही.

लयकारी:
बरं, प्रश्न मी वेगळाच समजलो होतो. माझ्याकडे दुसरंच होतं: प्ले चालू असताना कटऑफचा नॉब जरा हलवला की पुढचं सगळं ऑटोमेशन मेल्यासारखं होतं. रेषा दिसते, पण फिकी.

निखळस्वर:
मेलं नाही, तुमच्या हाताने त्याला बाजूला सारलंय. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ऑटोमेशन पुन्हा चालू करायचं बटण असतं, ते दाबा. एक्सपोर्टच्या आधी एकदा बघूनच घ्या, कारण ते बंद राहिलं तर फाइलमध्ये कटऑफ आहे तिथेच गोठलेला मिळतो.

मंद्रसप्तक, 65 ला 600 वरून 9,000 ही उडी उभ्या रेषेत काढलीत तर काही फिल्टर 'टक' करतात. उडी बीटच्या 10-15 मिलिसेकंद आधी सुरू करून बीटवर संपवा. आणि फिल्टर उघडा ठेवायचा म्हणून बायपास ऑटोमेट करू नका, तिथेही टक येऊ शकतो. कटऑफ वर ठेवून फिल्टर चालूच राहू द्या.

झंकार_88:
मग रेझोनन्स वाढवू का? स्वीप जास्त उठून दिसतो.

श्रुतिभेद:
उठून दिसतो, पण उंचवटा कॉर्डच्या एखाद्या सुरावरून गेला की तो एकच सूर उसळतो. इतक्या संथ स्वीपमध्ये तो तिथे बारभर रेंगाळतो आणि चुकीचा सूर वाजल्यासारखं वाटतं. पॅडवर मी कमीच ठेवेन.

निखळस्वर:
इथे माझं मत वेगळं. मेलडीवर, 8 बारच्या आतल्या स्वीपला, थोडा रेझोनन्स हवाच, नाहीतर प्लकमध्ये हालचाल कळत नाही.

मंद्रसप्तक:
पॅडची रेषा 56 बारवर पसरवली आणि गेन कंप्रेसरच्या मागे नेला. ड्रॉप आता बसतोय. मेलडीला 12 बारचा एलएफओ लावून दोन्ही रेझोनन्स ऐकतो. अडकलंय ते बेसवर. 57 ते 64 मध्ये बेसलाही हाय-पास लावून पातळ करू, की किकसोबत तसाच भरीव ठेवू? पातळ केला तर ड्रॉप जोरात येतो, पण ते आठ बार फारच पोकळ वाटतात.