पुतण्याचा रेझ्युमे आणि दोन कॉलमांचा टेम्प्लेट

वर्षा (सध्या आर्णीजवळ, गावी)

नमस्कार मंडळी,

महिनाभर सासरी गावी आहे. पुतण्या आयटीआय इलेक्ट्रिशियन. इथल्या जिनिंग मिलमध्ये त्याने चार हंगाम काढले, आता पुण्याकडे मेंटेनन्सच्या नोकरीसाठी अर्ज करतोय. नेट कॅफेत बसून ऑनलाइन बिल्डरवर रेझ्युमे केला. दिसायला देखणा आहे: डावीकडे निळी पट्टी, त्यात फोटो, प्रत्येक कौशल्यापुढे पाच ठिपके. पण एका कंपनीच्या साइटवर अपलोड केल्यावर फॉर्म आपोआप भरला, तेव्हा कंपनीच्या रकान्यात ‘मोटर रिवाइंडिंग’ आलं आणि फोन नंबर कोराच राहिला. “काकू, माह्यं काई चुकलं का?” म्हणतो. कोणता टेम्प्लेट घ्यावा?

दिलीपकाका

वर्षा, पीडीएफ पाठवूच नकोस. कंपन्यांच्या भरतीच्या सॉफ्टवेअरला ती वाचता येत नाही, वर्डच हवं. आणि एकच कॉलम ठेव. शंभरातले पंच्याहत्तर रेझ्युमे मशीनच फेकून देतं, माणसापर्यंत पोचतच नाहीत.

मालतीमावशी

वर्षा, मुलाचा बायोडाटा करते आहेस हे वाचून बरं वाटलं. माझ्या भाच्याचा केला तेव्हा वर गणपती आणि खाली कुळ-गोत्र असलेला नमुना मिळाला होता. शोधून पाठवते. मुलगी विदर्भातलीच हवी का?

सुधीर

मावशी, हा नोकरीसाठीचा आहे, लग्नासाठीचा नाही. नमुना जपून ठेवा, पुढे लागेलच.

काका, एक कॉलम हे अगदी बरोबर. पंच्याहत्तरचा आकडा मात्र सगळीकडे फिरतो, त्यामागे धड आधार मी पाहिलेला नाही. मी भरतीच्या सॉफ्टवेअरवर काही वर्षं काम केलं. मांडणीमुळे रेझ्युमे आपोआप फेकला जाणं क्वचितच घडतं. उमेदवार आपोआप गळतो तो बहुधा फॉर्ममधल्या ‘परवाना आहे का’ अशा प्रश्नांवर. मांडणी बिघडली तर नुकसान वेगळंच होतं: माहिती चुकीच्या रकान्यात जाते, आणि कंपनी उमेदवार शोधते तेव्हा पोरगा सापडत नाही.

पीडीएफही चालते, आत खरी अक्षरं असली तर. काही डिझाइनच्या साइट अख्खं पान चित्र करून देतात, ते मात्र वाचता येत नाही. वर्षा, फाइल उघडून सगळं निवड, कॉपी कर आणि नोटपॅडमध्ये पेस्ट कर. लॅपटॉपवर पॉपलर हे पीडीएफ वाचणारं साधन असेल तर हेच एका ओळीत होतं:

```
pdftotext resume.pdf -
```

जे दिसेल ते मला सांग.

वर्षा

केलं. “मोटर रिवाइंडिंग, मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन, पॅनेल वायरिंग, जिनिंग मिल” असं पट्टीतलं आणि उजवीकडचं आलटून पालटून आलं. फोनच्या चित्राजागी चौकोन आला आणि नंबरचे आकडे दोन ओळींत तुटले. ठिपक्यांचं नावनिशाण नाही.

सुधीर

मग तुझं उत्तर तिथेच आहे. सॉफ्टवेअरला पट्टी दिसत नाही, ते ओळी आडव्या वाचत गेलं. फोनपुढे चित्राऐवजी ‘मोबाइल’ हा शब्द लिही. वर्डमध्ये करणार असशील तर नंबर पानाच्या हेडरमध्ये टाकू नकोस, काही सॉफ्टवेअर तो भाग सोडून देतात. ठिपके काढूनच टाक. पाचातले चार ठिपके म्हणजे किती येतं, हे वाचणाऱ्या माणसालाही कळत नाही.

मला जास्त खटकतं ते जागेचं. पट्टीने पानाचा तिसरा हिस्सा खाल्ला. मिलच्या कामाला किती ओळी उरल्या?

वर्षा

दोन! “मशीनची देखभाल केली”, एवढंच. काल अंगणात बसून त्याला नीट विचारलं. तर म्हणे, रुईची धूळ मोटरच्या पंख्याच्या जाळीवर बसते, हवा अडते, मोटर तापते; आणि यंत्रात रुई अडकून भार वाढला की ओव्हरलोड रिले ट्रिप होतो. बाकीचे रिलेची सेटिंग वाढवायचे. हा पाळी सुरू होण्याआधी जाळ्या आणि अडकलेली रुई साफ करायचा आणि क्लॅम्प मीटरने करंट मोजून वहीत लिहायचा. यातलं एक अक्षर रेझ्युमेत नव्हतं.

सुधीर

हेच लिहा, त्याच्याच क्रमाने, चार-पाच ओळींत. मेंटेनन्सचा माणूस आधी हेच वाचेल. साधा एक कॉलम, काळी अक्षरं, ‘अनुभव’ आणि ‘शिक्षण’ अशी सरळ शीर्षकं. बिल्डर निवडताना आधी दोनच गोष्टी बघ: कामाखाली हव्या तितक्या ओळी घेतो का, आणि डाउनलोडच्या वेळी पैसे मागतो का. काही साइट सगळं भरून घेतात आणि मग अडवतात.

वर्षा

केलं, कॉपी-पेस्टही सरळ येतंय. पण एक अडलं. मिल दिवाळीनंतर सुरू होते आणि कापूस संपला की बंद. फॉर्ममध्ये ‘पासून-पर्यंत’ एकदाच टाकता येतं. 2020 ते 2024 लिहिलं तर बाकीचे महिनेही तिथेच होता असं होतं. चार वेगळ्या नोंदी केल्या तर चार नोकऱ्या बदलल्यासारखं दिसतं.

दिलीपकाका

चार नोंदी नकोत. एकच ठेव, आणि पदापुढे ‘हंगामी’ लिही.

सुधीर

मलाही एकच नोंद बरी वाटते, पण मग अनुभव चार वर्षं मोजला जाईल आणि मुलाखतीत प्रश्न येईल. पहिल्याच ओळीत चारही हंगामांचे महिने लिहावेत. तरी सॉफ्टवेअर बेरीज कशी करेल, ते प्रत्येकाचं वेगळं असतं.

वर्षा

पावसाळ्यात तो शेतात मोटरपंप दुरुस्त करतो, त्याची वेगळी नोंद करावी का, तेही सांगा. हंगामांच्या नेमक्या तारखा उद्या मिलच्या हजेरीपुस्तकातून उतरवून आणतो म्हणाला.